चाळीस पैशांची मोड

1970 सालच्या एखाद्या किराणा दुकानाची कल्पना करा. गिऱ्हाइकाने रुपया पुढे केला आहे, माल साठ पैशांचा झाला आहे आणि दुकानदाराला चाळीस पैसे परत द्यावयाचे आहेत. त्याचा हात सवयीने गल्ल्यातील मोठ्या नाण्याकडे जातो. पन्नास पैशांचे नाणे चालणार नाही. म्हणून तो पंचवीस पैशांचे उचलतो. उरले पंधरा. त्यासाठी दहाचे एक आणि पाचाचे एक. तीन नाणी गिऱ्हाइकाच्या हातावर पडतात आणि व्यवहार संपतो. परंतु त्याच गल्ल्यात वीस पैशांची पिवळी नाणीही पडलेली आहेत. त्यांतील दोन उचलली असती तर दोन नाण्यांतच काम भागले असते.

एका नाण्याचा हा फरक क्षुल्लक आहे, हे मान्य. पण तो फरक पडतो कसा, हा प्रश्न मात्र क्षुल्लक नाही. दुकानदाराने कोणतीही चूक केलेली नाही. मोड देताना प्रथम चालेल तेवढे मोठे नाणे घ्यावे, मग उरलेल्या रकमेसाठी पुन्हा चालेल तेवढे मोठे घ्यावे, ही रीत त्याने पाळली. त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनीही तीच पाळली होती, आणि त्यांना तिने कधी दगा दिला नव्हता. मग 1970 साली तिने दगा का द्यावा? याचे उत्तर अंकगणितात जेवढे आहे, तेवढेच नाण्यांच्या इतिहासात आहे.

प्रथम आजोबांच्या रुपयाकडे पाहू. त्या रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. महाराष्ट्रात अर्ध्या रुपयाला अधेली म्हणत, चार आण्यांना पावली आणि दोन आण्यांना चवली. चवलीखाली आणा, त्याखाली अर्ध्या आण्याचा ढब्बू पैसा आणि त्याखाली साधा पैसा. ही सर्व नाणी सर्व काळी पाडली जात होती असे नाही. पण त्यांची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. रुपयापासून पैशापर्यंत प्रत्येक पायरी वरच्या पायरीच्या बरोबर निम्मी आहे. एखादी भाकरी मोडावी, अर्धी पुन्हा मोडावी, चतकोर पुन्हा मोडावी, तसा हा रुपया मोडत जातो.

अशा रचनेत मोठे नाणे आधी घेण्याची रीत कधीच चुकत नाही, आणि का चुकत नाही हे सिद्ध करण्यास पाटी-पेन्सिलही लागत नाही. समजा, कोणी तुम्हाला मोड दिली आणि तीत दोन पावल्या आहेत. त्या दोन पावल्या परत करून तुम्ही एक अधेली मागू शकता. रक्कम तीच, नाणे एक कमी. दोन चवल्या असतील तर त्यांची पावली होईल, दोन आण्यांची चवली होईल. याचा अर्थ असा, की कमीत कमी नाण्यांची जी मोड असेल तीत रुपयाखालचे कोणतेही नाणे दोनदा येऊच शकत नाही. आणि प्रत्येक नाणे फार तर एकदाच घ्यावयाचे, असे एकदा ठरले, की प्रत्येक रकमेला एकच मांडणी उरते. अकरा आणे तीन पैसे घ्या: अधेली, चवली, आणा, ढब्बू आणि पैसा, अशी पाच नाणी. याहून कमी शक्य नाही, आणि दुकानदाराचा हात सवयीने नेमक्या याच पाचांकडे जातो. सवय बरोबर ठरते, कारण लहान नाण्यांची जोडी नेहमी मोठ्या नाण्यात बदलता येते. या अदलाबदलीवरच सारे अवलंबून आहे.

परंतु हा सुबक जिना अगदी तळाशी तडकलेला होता. 1862 सालापासून राणीच्या नावाने जी तांब्याची नाणी निघाली, त्यांत अर्धा पैसा, म्हणजे ज्याला लोक धेला म्हणत तो, होता आणि पैही होती. धेला म्हणजे पैशाचा निम्मा भाग आणि पै म्हणजे पैशाचा तिसरा भाग. धेला दीड पैचा झाला. आता कोणाला दोन पै द्यावयाच्या आहेत असे समजा. मोठे नाणे आधी, म्हणून धेला उचलला, तर अर्धी पै उरते आणि अर्ध्या पैचे नाणे तर कधीच नव्हते. येथे नाणी जास्त लागतात एवढेच नव्हे, तर ती रीत मध्येच अडकून पडते. धेला परत ठेवून दोन पै मोजून दिल्या की व्यवहार पुरा होतो. पैशाचे अर्धे करणारी एक परंपरा आणि पैशाचे तीन भाग करणारी दुसरी, या दोन परंपरांची नाणी एका गल्ल्यात आली आणि त्यांची एकमेकांत अदलाबदल होईना. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे जे घडले ते याच कथेचे मोठे रूप आहे.

हेच मोठे रूप आपल्याआधी इंग्लंडने पाहिले. तेथे पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगाचे बारा पेन्स. पौंड पुनःपुन्हा निम्मा करीत गेले की दहा शिलिंग, मग पाच शिलिंगांचा क्राउन आणि मग अडीच शिलिंगांचा हाफ-क्राउन येतो. हाफ-क्राउन म्हणजे पौंडाचा आठवा भाग, तीस पेन्स. हे जुने, अंगवळणी पडलेले नाणे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दशमान नाण्यांची चळवळ उभी राहिली. 1847 साली जॉन बाउरिंग यांनी पार्लमेंटात त्यासाठी ठराव मांडला आणि त्या चळवळीचे फळ म्हणून 1849 साली फ्लोरिन हे नवे नाणे आले. त्याची किंमत दोन शिलिंग, म्हणजे पौंडाचा बरोबर दहावा भाग, चोवीस पेन्स. ‘एक दशांश पौंड’ ही अक्षरेच त्यावर होती. योजना अशी दिसते, की पुढेमागे सारेच नाणे दशमान करावयाचे. आणि म्हणून 1851 पासून व्यवहारासाठी हाफ-क्राउन पाडणेही थांबले.

पण दशमान पद्धती आली नाही. लोकांना हाफ-क्राउन हवा होता, आणि 1874 साली तो पुन्हा पाडला जाऊ लागला. तेव्हापासून चोवीस पेन्सांचा फ्लोरिन आणि तीस पेन्सांचा हाफ-क्राउन ही दोन्ही नाणी एकाच खिशात खुळखुळू लागली. आता चार शिलिंगांची मोड द्या. मोठे नाणे आधी, म्हणून हाफ-क्राउन. उरला दीड शिलिंग, त्यासाठी एक शिलिंग आणि एक सहा पेन्सांचे नाणे. झाली तीन नाणी. दोन फ्लोरिन दिले असते तर दोनच झाली असती. येथे पूर्वीची अदलाबदल का चालत नाही ते स्पष्ट दिसते. दोन फ्लोरिन परत करून एक मोठे नाणे मागावे, तर चार शिलिंगांचे नाणेच नाही.

गंमत अशी, की असे नाणे पुढे निघाले. 1887 ते 1890 या काळात दुहेरी फ्लोरिन पाडला गेला. किंमत बरोबर चार शिलिंग. चार शिलिंगांची अडचण त्याने मिटविली खरी, पण पाच शिलिंगांच्या क्राउनशी त्याचा तोच तंटा सुरू झाला. आठ शिलिंग द्यावयाचे असल्यास क्राउन, हाफ-क्राउन आणि सहा पेन्स अशी तीन नाणी लागत. दुहेरी फ्लोरिन मात्र दोनच पुरत. खोट मिटली नाही, वरच्या मजल्यावर सरकली एवढेच. शिवाय क्राउन आणि दुहेरी फ्लोरिन आकाराने इतके जवळ, की देणाऱ्या-घेणाऱ्याची फसगत होई. चार वर्षांतच ते नाणे बंद पडले. फ्लोरिन आणि हाफ-क्राउन यांचा संसार मात्र 1969 सालाच्या अखेरीस हाफ-क्राउन चलनातून काढून घेईपर्यंत चालू राहिला.

आता आपल्या देशाकडे परत येऊ. 1 एप्रिल 1957 रोजी भारतात दशमान नाणी सुरू झाली. रुपया तोच राहिला, पण त्याचे शंभर भाग झाले आणि त्यांना नवे पैसे म्हणू लागले. ‘नवे’ हे विशेषण 1964 साली गळाले. या नव्या रचनेत एक, दोन, पाच, दहा, पंचवीस आणि पन्नास ही नाणी ठरली. यांतील पहिली चार दशमान पद्धतीच्या स्वभावाला धरून आहेत. पंचवीस मात्र दशमानाचे अपत्य नव्हे. ते जुन्या पावलीचे नवे नाव आहे. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, दोन आण्यांचे साडेबारा होत. म्हणजे आणा आणि चवली यांना नव्या पद्धतीत पुरे स्थान नव्हते. पण पावलीचे बरोबर पंचवीस आणि अधेलीचे बरोबर पन्नास होत. म्हणून लोकांच्या तोंडी चार आणे आणि आठ आणे टिकले. महाराष्ट्राबाहेर हिंदी मुलखात चवन्नी आणि अठन्नी टिकली. निम्मे-निम्मे करण्याच्या जुन्या परंपरेचा एक पाय असा नव्या घरात राहिला.

तरीही 1957 ची ही मांडणी निर्दोष होती. पंचवीसाला दहाने पुरा भाग जात नाही, पाचाला दोनाने जात नाही; जुन्या रुपयाचा सरळ जिना येथे नाही. पण मोठे नाणे आधी घेण्याची रीत चालते. तीस पैसे घ्या: पंचवीस आणि पाच, दोन नाणी, दहाची तीन घेण्यापेक्षा बरीच. चाळीस पैसे घ्या: पंचवीस, दहा आणि पाच, तीन नाणी, दहाची घेतली तर चार लागतील. म्हणजे प्रत्येक नाण्याने वरच्याला पुरा भाग गेला पाहिजे, अशी अट आवश्यक नाही; ती असली तर रीत खात्रीने चालते, नसली तर चालेल किंवा न चालेल, तपासून पाहावे लागते. 1964 साली तीन पैशांचे षट्कोनी नाणे आले, त्यानेही काही बिघडविले नाही. सहा पैसे पाच आणि एक मिळून द्या किंवा तीन आणि तीन मिळून द्या, नाणी दोनच.

मग 1968 साली वीस पैशांचे नाणे आले: पिवळसर धातूचे, कमळाचे चित्र असलेले. वीस म्हणजे रुपयाचा पाचवा भाग. दशमान पद्धतीत एक, दोन, पाच आणि मग दहा, वीस, पन्नास हा क्रम अगदी स्वाभाविक आहे, आणि त्या क्रमात वीसची जागा रिकामीच होती. एकटे पाहिले तर या नाण्यात काही दोष नाही. दोष उत्पन्न झाला तो पंचवीसाच्या शेजाराने. पंचवीस ही पावलीची परंपरा, वीस ही दशमानाची. हाफ-क्राउन आणि फ्लोरिन यांचे नाते नेमके येथे पुन्हा अवतरले. दोन विसांचे चाळीस होतात, पण चाळीस पैशांचे नाणे नाही. आणि पंचवीस आधी उचलले तर पंधरा उरतात, त्यांना एका नाण्यात भागविता येत नाही.

ही खोट कोठवर पसरली होती, तेही मोजता येते. एका रुपयाच्या आतील सर्व रकमा एकेक करून तपासल्या तर ती दहा ठिकाणी आढळते: चाळीसपासून चव्वेचाळीसपर्यंत पाच रकमा, आणि नव्वदपासून चौऱ्याण्णवपर्यंत पाच. नव्वद पैशांसाठी पन्नास, पंचवीस, दहा आणि पाच अशी चार नाणी हातात येतात. पन्नास आणि दोन वीस घेतले तर तीन. उरलेल्या सर्व रकमांत जुनी रीत बरोबरच ठरते. म्हणूनच ती चुकते आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. नेहमी चुकणारी रीत लोक टाकून देतात. दहांत एखाद्या वेळी, तीही एका नाण्याने चुकणारी रीत पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

येथे साहजिकच विचारले जाईल, की नवे नाणे पाडण्यापूर्वी सर्व रकमा तपासत बसावे काय? तशी गरज नाही. मायकेल मॅगझिन, जॉर्ज नेमहॉसर आणि लेस्ली ट्रॉटर या अमेरिकी गणितज्ञांनी 1975 साली एक सुटसुटीत कसोटी सिद्ध केली. नाणी लहानापासून मोठ्याकडे मांडावीत. सर्वांत लहान नाणे एकाचे असावे. खालच्या नाण्यांपुरती रीत चालते असे दिसल्यावर त्यांच्यावर पुढचे मोठे नाणे ठेवावे आणि एकच रक्कम तपासावी. खालच्यांपैकी सर्वांत मोठ्या नाण्याच्या पटी घेत जावे, आणि नव्या नाण्याला गाठणारी किंवा ओलांडणारी जी पहिली पट येईल, ती ही रक्कम. ती नव्या नाण्यापासून सुरुवात करून दिली असता नाणी जास्त लागत नसतील, तर नवे नाणे निर्धोक. लागत असतील, तर रीत तेथेच मोडली.

ही कसोटी आपल्या नाण्यांना लावू. एक, दोन, तीन, पाच, दहा आणि वीस येथवर काही अडचण नाही. आता पंचवीस ठेवा. विसाची एक पट वीस, ती पंचवीसपर्यंत पोहोचत नाही. दुसरी पट चाळीस, ती ओलांडते. म्हणून चाळीस तपासावयाचे. विसाची दोन नाणी पुरतात. पंचवीसापासून सुरुवात केली तर तीन लागतात. कसोटीत पंचवीस नापास झाले. इतिहासात पंचवीस आधी आले आणि वीस नंतर, परंतु कसोटी सन पाहत नाही, किंमतीचा क्रम पाहते. उलट वीस बाजूला ठेवून दहावर पंचवीस ठेवले, तर तपासावयाची रक्कम तीस. दहाची तीन नाणी, पण पंचवीसापासून सुरुवात केली तर दोनच. येथे पंचवीस उत्तीर्ण होते. फ्लोरिनवर हाफ-क्राउन ठेवला तर तपासावयाची रक्कम अठ्ठेचाळीस पेन्स, म्हणजे आपण पाहिलेले तेच चार शिलिंग.

मग ज्या गल्ल्यात रीत चुकते, तेथे कमीत कमी नाणी शोधावयाची कशी? त्यासाठी वरून खाली न येता खालून वर जावे लागते. चाळीस पैशांचा विचार असा करावयाचा: यात शेवटी पडणारे नाणे कोणते असेल? ते पंचवीसाचे असेल तर आधी पंधरा पैसे दिलेले असतील, आणि पंधराला दोन नाणी लागतात, एकूण तीन. ते विसाचे असेल तर आधी वीस दिलेले असतील, आणि त्याला एकच नाणे लागते, एकूण दोन. दहाचे असेल तर आधी तीस, त्याला दोन नाणी, एकूण तीन. याप्रमाणे प्रत्येक नाणे शेवटचे मानून पाहावे आणि सर्वांत लहान उत्तर घ्यावे. अर्थात यासाठी पंधरा, वीस, तीस या लहान रकमांची उत्तरे आधी ठाऊक असली पाहिजेत; म्हणून एक पैशापासून आरंभ करून एक तक्ता भरत जावयाचा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते कधी चुकत नाही, कारण त्यात मोठ्या नाण्याला मान देण्याचा आग्रह नाही.

या सर्व विवेचनात एक गोष्ट आपण गृहीत धरली आहे, ती आता सांगितली पाहिजे. गल्ल्यात प्रत्येक नाणे हवे तेवढे आहे, असे आपण मानले. खुर्द्याच्या टंचाईत हे खरे नसते, आणि तेव्हा निर्दोष मांडणीही सदोष होते. 1957 च्या नाण्यांत, वीस पैशांचे नाणे जन्माला येण्यापूर्वी, दुकानदाराजवळची पाच पैशांची नाणी संपली असे समजा. तीस पैसे देताना त्याने पंचवीस उचलले, तर उरलेल्या पाचासाठी दोन, दोन आणि एक मिळून चार नाण्यांची मोड होते. दहाची तीन दिली असती तर बरे झाले असते. आणि एक-दोन पैशांची नाणीही नसतील तर पंचवीस उचलल्यावर तो अडकूनच पडेल, धेला उचलणारा अडकला होता तसा. म्हणून टंचाईच्या काळात अनुभवी दुकानदार हातातील मोठे नाणे खाली ठेवून पुन्हा पाहतो. तो तक्ता भरीत नाही, पण तक्त्यातील विचार मात्र करतो.

वीस आणि पंचवीस यांची ही जोडी अमेरिकेतही एकदा जमली होती. तेथे पाव डॉलरचे नाणे रूढ असता 1875 साली वीस सेंटांचे नाणे काढले गेले. पाव डॉलरशी त्याचा घोटाळा होऊ लागला आणि 1878 मध्ये ते रद्द झाले. आपल्याकडे ही जोडी बरीच अधिक काळ नांदली. शेवटी 30 जून 2011 पासून पंचवीस पैसे आणि त्याखालील सर्व नाणी चलनातून काढून घेण्यात आली. वीस आणि पंचवीस एकाच दिवशी गेले, आणि त्यांच्याबरोबर चाळीस पैशांचा प्रश्नही गेला. त्यानंतर पन्नास पैसे आणि एक, दोन, पाच व दहा रुपये ही नाणी राहिली, पुढे वीस रुपयांचे आले. या संचाला वरील कसोटी लावली तर तो प्रत्येक पायरीवर उतरतो. पंचवीस रुपयांचे नाणे रोजच्या व्यवहारात नाही, म्हणून दुकानदाराच्या आजोबांची रीत पुन्हा बरोबर ठरली आहे.

पण ती बरोबर ठरली ती स्वतःच्या बळावर नव्हे. ‘मोठे नाणे आधी’ हा अंकगणिताचा नियम आहे असे आपण समजत होतो. वस्तुतः तो टाकसाळीने निवडलेल्या नाण्यांचा गुण आहे. धेला आणि पै, हाफ-क्राउन आणि फ्लोरिन, पंचवीस आणि वीस, या तिन्ही ठिकाणी रुपया किंवा पौंड मोडण्याच्या दोन निरनिराळ्या रीती एका गल्ल्यात एकत्र आल्या आणि तो गुण नाहीसा झाला. हात मात्र पूर्वीप्रमाणेच मोठ्या नाण्याकडे जात राहिला.